सीई अ‍ॅम्प्लिफायरचा लाभ १६९ ऐवजी १०२. ‘चर्चे’त कारण काय लिहावे?

जर्नलग्रस्त (नागपूर): कॉमन एमिटर अ‍ॅम्प्लिफायरचा लाभ गणिताने १६९ येतो, प्रत्यक्षात मात्र १०२ मिळाला. ‘घटकांच्या टॉलरन्समुळे’ असे मी लिहिले होते. मॅडमनी त्याखाली लाल रेघ ओढून ‘कोणत्या घटकाच्या?’ असे विचारले आहे. जर्नल उद्याच द्यायचे आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

जुना रेडिओ: ट्रान्झिस्टर कोणता, कलेक्टर करंट किती, लोड होता का, फ्रिक्वेन्सी कोणती आणि इनपुट कुठे मोजले, यांपैकी काहीच लिहिलेले नाही.

जर्नलग्रस्त: बीसी ५४७, कलेक्टरला २.२ किलोओहम, एमिटरला ६८० ओहम, करंट २ मिलीअ‍ॅम्पिअर, लोड नाही, १ किलोहर्ट्झ. इनपुट थेट बेसवर मोजले. सर्किट बरोबरच आहे.

तापलेला वऱ्हाडी: उन्हाळ्यातली लॅब ना? पुस्तकातले २६ मिलिव्होल्ट साधारण २८ अंशांचे असतात; ४२ अंशांना ते २७ होतात आणि लाभ तेवढा उतरतो.

बर्डीवाला: बीटा कमी असणार. मी माझ्या माइकसाठी शेवटी ऑप-अ‍ॅम्पच वापरला, आपणही तेच करावे.

जुना रेडिओ: वऱ्हाडी, उष्णतेने फार तर चार टक्के जातील, इथे चाळीस गेले आहेत. बर्डीवाले, इनपुट बेसवरच मोजल्यावर बीटाचा प्रश्न जवळपास उरत नाही. आणि ऑप-अ‍ॅम्पचे कुणी विचारलेले नाही. एमिटरचा बायपास कपॅसिटर किती आहे?

जर्नलग्रस्त: १० मायक्रोफॅरॅड. त्याची रिअ‍ॅक्टन्स १६ ओहम येते, म्हणजे ६८० च्या एक दशांशापेक्षाही बरीच कमी. मॅन्युअलमधला नियम पाळलेला आहे.

जुना रेडिओ: तिथेच मेख आहे. तुलना ६८० शी नव्हे, तर ट्रान्झिस्टरच्या आतल्या २६ भागिले २, म्हणजे १३ ओहमशी करायला हवी, कारण १६९ हा आकडा त्या १३ वरूनच आला आहे. कपॅसिटरचे १६ ओहम त्याच्याशी काटकोनात मिळतात, म्हणून वर्गांच्या बेरजेचे मूळ सुमारे २०.५ येते आणि २२०० ला त्याने भागले की लाभ १०७ उरतो. पडताळा सोपा आहे: १० किलोहर्ट्झला हीच रिअ‍ॅक्टन्स १.६ ओहम होते, त्यामुळे लाभ १६० च्या पुढे गेला तर दोष कपॅसिटरचा, आणि १०२ वरच राहिला तर कारण दुसरीकडे शोधावे. शिवाय १ किलोहर्ट्झला आउटपुट इनपुटच्या नेमके उलटे न दिसता सुमारे ५० अंशांनी सरकलेले दिसायला हवे.

जर्नलग्रस्त: लॅब बंद झाली आहे, त्यामुळे १० किलोहर्ट्झचे माप आता मिळणार नाही. स्क्रीनचा फोटो मात्र आहे: आउटपुटचा तळ इनपुटच्या शिखराखाली नसून त्याच्या बराच आधी येतो. तो ट्रिगरचा दोष समजून मी सोडून दिला होता.

तापलेला वऱ्हाडी: आणि १०७ वरून १०२ कशामुळे? ते माझ्या उष्णतेचेच!

जुना रेडिओ: त्यातले एखाद-दोन आपले, हे मान्य. उरलेले ट्रान्झिस्टरच्या स्वतःच्या आउटपुट रेझिस्टन्सचे असू शकतात किंवा कपॅसिटर छापील १० पेक्षा थोडा कमी असल्याचेही. न मोजता वाटणी करता येणार नाही, आणि ‘चर्चे’तही ती करू नये.

बर्डीवाला: १०० मायक्रोफॅरॅड टाकला असता तर हा वादच झाला नसता.