मदत हवी आहे: नवीन कॅलिपर लाईनच्या पीएफएमईएमध्ये आरपीएन ६० आलाय, मला पटत नाहीये

ब्रेकवाला_चाकण
नमस्कार मंडळी. आमच्याकडे टू-व्हीलरच्या फ्रंट डिस्क ब्रेकच्या कॅलिपरची नवीन असेंब्ली लाईन बसतेय, पुढच्या महिन्यात कस्टमरचा माणूस पीपॅपसाठी येणार आहे आणि पीएफएमईए माझ्या गळ्यात पडलाय. प्रोसेस साधी आहे, बॉडीच्या खाचेत पिस्टन सील बसवायचं, मग डस्ट सील, मग पिस्टन प्रेस, ब्लीडर टॉर्क आणि शेवटी हवेवर लीक टेस्ट. अडलोय एकाच ओळीवर, ती म्हणजे "पिस्टन सील बसवायचं राहिलं". मीटिंगमध्ये सिव्हिरिटी १० धरली, ऑकरन्स २ दिला कारण जुन्या लाईनवर तीन वर्षांत एकही कस्टमर कम्प्लेंट नाही, आणि डिटेक्शन ३ कारण लीक टेस्ट ऑटोमॅटिक आहे. आरपीएन ६०, साहेब म्हणाले शंभरच्या खाली आहे, ॲक्शन नको, पुढची ओळ घ्या. अर्ध्या तासात चाळीस ओळी उरकल्या राव. मला ते ६० काही पचत नाहीये पण नेमकं कुठे चुकतंय ते सांगता येत नाही. आम्ही अजून २००८ च्या चौथ्या एडिशनचेच टेबल वापरतो, कस्टमरला चालतंय.

टॉर्करेंच
सिव्हिरिटी १० कशाला? लीक टेस्टला पकडला तर पीस बाहेर जातच नाही ना, मग इफेक्ट काय तर रीवर्क. ५-६ द्या आणि मोकळे व्हा.

निवृत्त_क्यूए
टॉर्करेंचभाऊ, असं नाही हो करायचं. सिव्हिरिटी देताना पीस सुटला आणि गाडीवर गेला असंच धरायचं. पकडलं जाईल की नाही याचा हिशोब डिटेक्शनच्या रकान्यात होतो, तोच सिव्हिरिटीत पण धरला तर एकाच लीक टेस्टचे मार्क दोनदा घेतल्यासारखं होतं. ब्रेक ऑइल गळून ब्रेक न लागणं म्हणजे १०, लिव्हर आधी ढिला पडून चालवणाऱ्याला अंदाज येतो असं दाखवता आलं तर ९. त्याच्या खाली नाही, आणि लाईनवर काहीही लावलंत तरी हा आकडा हलत नाही.

पण ब्रेकवाला, तुमची मोठी चूक ऑकरन्सची आहे. कस्टमर कम्प्लेंट नाही म्हणजे सील विसरलंच नाही असं थोडंच आहे? विसरलं आणि आत पकडलं गेलं असेल. जुन्या लाईनचं लीक टेस्टचं रिजेक्शन रजिस्टर काढा, उघडून बघितलेल्या पिसांत किती वेळा सील नव्हतं ते मोजा आणि त्यावरून आकडा द्या.

मधुरा_पॅकेजिंग
मी ऑटोवाली नाही, फूड पॅकिंगमध्ये आहे, पण आमच्याकडे हेच झालं. पाकिटात ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकायची राहून जायची, पुढे चेकवेअर पकडतो म्हणून आम्ही ऑकरन्स कमी दिला होता. मग कळलं की पुडीचं वजन पाकिटाच्या वजनातल्या फरकापेक्षा कमी आहे, म्हणजे चेकवेअर ती राहिलेली पकडूच शकत नव्हता. तुम्ही सील काढून लीक टेस्ट करून बघितलीय का कधी? की आहे म्हणून आहे?

निवृत्त_क्यूए
मधुराताई, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. कॅलिपरमध्ये दोन सील असतात. आतलं राहिलं तरी बाहेरचं डस्ट सील कमी प्रेशरची हवा काही सेकंद धरून ठेवू शकतं आणि मशीन हिरवा दिवा देतं. गाडीवर ब्रेक दाबल्यावर प्रेशर त्याच्या कितीतरी पट असतं, तिथे डस्ट सीलचं काही चालत नाही. दहा पीस मुद्दाम सीलशिवाय बनवा, पेंट मारा, मोजून सोडा आणि मोजून परत घ्या, त्यातला एक जरी लॉटमध्ये मिसळला तर झोप उडेल. दहाच्या दहा पकडले तरच त्या टेस्टला मार्क द्या. आणि तेव्हाही ३ नाही, ४. कारण टेस्ट लाईनच्या शेवटी आहे. ३ त्याच स्टेशनवर पकडून पीस लॉक होतो त्याला.

ब्रेकवाला_चाकण
काल सेकंड शिफ्टला केलं. दहा पीस, पिवळा पेंट, स्वतः ट्रे घेऊन उभा होतो. सहा पकडले, चार पास झाले. ऑपरेटर माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. दहाही पीस लाल पेटीत कुलूपबंद करून ठेवलेत.

रजिस्टरमध्ये गेल्या वर्षीच्या २२ हजार पिसांत ११ वेळा "सील नाही" असं लिहिलंय, म्हणजे दोन हजारात एक, टेबलात ५. आणि हे फक्त पकडलेले, सुटले असतील ते वेगळेच. लीक टेस्टचे मार्क काढून टाकले तर स्टेशनवर ऑपरेटर डोळ्याने बघतो तेवढंच उरतं, त्याचे ७. म्हणजे १० × ५ × ७ = ३५०. साठाचे साडेतीनशे झाले. साहेब आधी माझ्यावरच चिडले, मग ते चार पीस दाखवल्यावर गप्प बसले.

टॉर्करेंच
बरं सिव्हिरिटीचं मानलं. मग कॅमेरा लावा सील स्टेशनला, सील दिसलं नाही तर प्रेस सुरूच होणार नाही. ऑकरन्स पण खाली, डिटेक्शन पण खाली, काम झालं.

निवृत्त_क्यूए
कॅमेरा बरोबर, पण ऑकरन्स त्याने नाही उतरत. ऑपरेटर तेवढ्याच वेळा विसरणार, फक्त लगेच पकडला जाणार. विसरतो का ते शोधा, त्या ११ नोंदींची वेळ बघा जरा. ऑकरन्स कारणाला द्यायचा असतो आणि "ऑपरेटरचं दुर्लक्ष" हे काही कारण नाही.

ब्रेकवाला_चाकण
बघितली! ११ पैकी ७ चहाच्या किंवा जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत. भोंगा झाला की माणूस अर्धवट बॉडी फिक्स्चरवर सोडून जातो, परत आला की वाटतं सील झालंय. आता विचार असा आहे की सील घेण्याच्या बिनला सेन्सर लावायचा आणि हात गेल्याशिवाय फिक्स्चर सुटणार नाही.

लाईनलीडर_नाशिक
हात गेला म्हणजे सील बसलं असं नाही हां, आमच्याकडे बिनमध्ये नुसता हात घालून काढायचे पोरं. कॅमेरा पण ठेवाच.

स्प्रेडशीट_मास्तर
तुमचा कस्टमर २०१९ च्या हँडबुकवर गेला की हा शंभराचा खेळ संपतो. तिथे सिव्हिरिटी ९-१० आणि ऑकरन्स ४-५ असेल तर डिटेक्शन २ केलं तरी प्रायॉरिटी हायच राहते. म्हणजे कॅमेऱ्यावर पैसे घालून सुटका नाही, विसरणं कमी करावंच लागतं. शंभरची लाईन मुळात चौथ्या एडिशनमध्येही सांगितलेली नाही, ती आपल्या साहेब लोकांची.

ब्रेकवाला_चाकण
ठीक, कारणावर आणि कॅमेऱ्यावर दोन्हीकडे ॲक्शन टाकतो. नवीन आकडे मात्र लाईन चालून रजिस्टर भरल्यावरच, आधीच २ लिहून ठेवणार नाही. एक राहिलंच, सील आहे पण पिळलेलं बसलंय ही वेगळी ओळ करायची ना? कॅमेऱ्यात दोन्ही सारखेच काळे गोल दिसतात.

निवृत्त_क्यूए
वेगळीच करा, कारणंच वेगळी आहेत. सील कोरडं बसवलं की पिळतं, त्यामुळे ल्युब्रिकेशन बघा. पण पकडायचं कसं याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही पिस्टन प्रेस करतानाचा फोर्स बघायचो, काही पकडले जायचे, काही नाही. इथे कोणी हाय प्रेशर टेस्ट लावलीय का लाईनवर? सायकल टाइमचं काय केलंत?