मदत हवी आहे: आईच्या जर्मन पेन्शनसाठी हप्त्यांचा उतारा मागवायचाय, पत्रात काय लिहू?

नौपाडाकर_मीरा
नमस्कार. आई १९८७ ते १९९० मध्ये स्टुटगार्टच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होती, साधारण ३८ महिने. पगारातून पेन्शनचा हप्ता कापला जायचा. परत आल्यावर लग्न झालं आणि १९९६ ते २००२ तिने ठाण्यातल्या खासगी हॉस्पिटलात काम केलं, तिथे पीएफ होता. तिचा जन्म १५ नोव्हेंबर १९५९ चा. तिकडचं विम्याचं कार्ड हरवलंय, नंबर आठवत नाही. फाइलमध्ये पगाराच्या तीन पावत्या आहेत, त्यांची शाई आता वाचता येत नाही इतकी फिकी झालीय. किती महिन्यांचे हप्ते जमा आहेत हे विचारणारं पत्र मी तयार केलंय: आईचं आत्ताचं नाव, जन्मतारीख, पासपोर्टची प्रत. एवढं पुरेल का? पत्र एप्रिल संपता संपता पाठवायचा विचार आहे.

घणसोली_७
ताई, वागळे इस्टेटच्या पीएफ ऑफिसात जा आणि सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घ्या. माझ्या भाच्याने म्युनिकला जाताना तेच घेतलं होतं.

वाशीचे_काका
जर्मनीत ६० महिने पूर्ण नसतील तर पेन्शन मिळत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. ३८ महिन्यांत काही हाती लागणार नाही, उगाच पोस्टाचा खर्च. त्यापेक्षा भरलेले पैसे परत मागा.

ऐरोली_रमेश
मीराताई, मी स्वतः जर्मन पेन्शन घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घणसोली, ते सर्टिफिकेट आता कामासाठी बाहेर जाणाऱ्यांना लागतं, तिकडे दुहेरी हप्ता भरावा लागू नये म्हणून. इथे त्याचा संबंध नाही. काका, ६० महिन्यांचं तुमचं बरोबर. पण भारत-जर्मनी करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यात ६० चा आकडा गाठायला भारतातले पीएफच्या पेन्शनचे महिनेही धरतात. जर्मनी पैसे मात्र तिथल्या ३८ महिन्यांपुरतेच देईल. आणि परतावा मागितला तर फक्त कामगाराचा वाटा मिळतो, मालकाचा नाही. वर ते महिने कायमचे पुसले जातात.

आता पत्र. नुसत्या आत्ताच्या नावाने शोध लागणं अवघड. तिकडच्या विमा क्रमांकात जन्मतारखेचे सहा आकडे असतात, म्हणजे आईंचे १५११५९, आणि त्यानंतर माहेरच्या आडनावाचं पहिलं अक्षर. म्हणून माहेरचं पूर्ण नाव, जन्मगाव, तेव्हाचा स्टुटगार्टचा पत्ता, हॉस्पिटलचं नाव आणि आरोग्य विमा कोणत्या संस्थेत होता ते लिहा. हे शेवटचं लोक विसरतात, पण पेन्शनचा हप्ता त्याच संस्थेमार्फत पुढे जायचा. सोबत लग्नाच्या दाखल्याची प्रत जोडा. सही आईंचीच हवी. तुमच्या सहीने गेलं तर आधी अधिकारपत्र मागतील.

दुसरं तारखेचं, आणि ते जास्त तातडीचं. १९५९ ला जन्मलेल्यांचं पेन्शनचं वय ६६ वर्षं २ महिने. आईंनी ते जानेवारी २०२६ मध्ये ओलांडलं, म्हणजे पेन्शन १ फेब्रुवारीपासून देय. अर्ज एप्रिल अखेरपर्यंत तिकडे पोचला तरच मागचे महिने मिळतात, नंतर पोचला तर अर्जाच्या महिन्यापासून. तुम्ही नुसता उतारा मागताय, त्याला अर्ज धरतीलच असं नाही. मग उताऱ्याची वाट बघण्यात महिने जातील. म्हणून त्याच पत्रात ही दोन वाक्यं टाका. साधं पत्र अर्ज म्हणून चालतं, फॉर्म मागाहून भरता येतात.

```
Bitte senden Sie mir meinen Versicherungsverlauf.
Hiermit beantrage ich formlos die Regelaltersrente;
die Formulare reiche ich nach.
```

पत्र या आठवड्यातच टाका, पोच मिळेल अशा टपालाने.

कोपरी_सुहास
मी जपानचा. परत आल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा घेतला, आता ती वर्षं कुठल्याच हिशोबात नाहीत. ताई, आईंनी असा परतावा आधी घेतलेला नाही ना?

नौपाडाकर_मीरा
रमेशदादा, किती मोठी मदत केलीत! आजच आईकडून सही घेते. सुहास, तुमचा प्रश्न वाचून मी आईला विचारलं. ती म्हणते १९९२-९३ मध्ये बाबांच्या खात्यात जर्मनीहून काही रक्कम आली होती. ती पगाराची थकबाकी की परतावा, हे तिला सांगता येत नाही.

ऐरोली_रमेश
परतावा झाला असेल तर उताऱ्यात त्याची नोंद दिसेल, आणि मग त्या महिन्यांवर पेन्शन नाही. पण अंदाजावर थांबू नका, पत्र जाऊ द्या. उतारा आला की आधी वर्षवार पगार आणि महिने तपासा. मधलं एखादं वर्ष कोरं असलं तर त्या पावत्या कामाला येतील. आजच स्कॅन करून ठेवा, कॉन्ट्रास्ट वाढवून.

नौपाडाकर_मीरा
करते. एक राहिलं. २००२ ला नोकरी सोडताना आईने पीएफबरोबर पेन्शनची रक्कमही काढून घेतली होती. मग ते सहा वर्षांचे महिने ६० मध्ये धरतील का? असं काढलेल्यापैकी कुणाला जर्मनीहून मंजुरी आली आहे का इथे?