मदत हवी आहे: हिंदमाताजवळ तळमजल्याचं घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी. आईला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, म्हणून परळ-दादर भागात तळमजल्यावर भाड्याचं घर शोधतोय. हिंदमाता चौकाच्या मागच्या गल्लीत एक पसंत पडलंय, भाडंही झेपण्यासारखं आहे. पण हा भाग बशीसारखा खोलगट. जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच वेळी आली की समुद्राकडे पाण्याचा निचरा होत नाही, हे आपण सगळेच बघत आलोय.

एजंट म्हणतो, पालिकेने भूमिगत टाक्या बांधल्यापासून पाणी तुंबत नाही. मात्र घरात गुडघाभर उंचीपर्यंत ताजा रंग दिसला, प्लगचे सगळे पॉइंट छातीच्या उंचीवर आहेत आणि दाराला वीतभर उंच उंबरा नव्याने घातलाय. मला तरी हे पाणी शिरत असल्याचंच लक्षण वाटतं.

तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा, गेल्या दोन-तीन पावसाळ्यांत पाणी रस्त्यावरच थांबलं की घरात आलं? संडासातून उलटं येतं का? इमारतीची पिण्याच्या पाण्याची टाकी जमिनीखाली आहे, त्यात गटाराचं पाणी मिसळलंय का कधी? आणि कुर्ल्यात मिठीकाठी किंवा शीवच्या गांधी मार्केटजवळ बघूच नये ना? महिनाअखेर टोकन द्यायचंय.