कार्डं तीन, युटिलायझेशन किती?

बी-५०३: होम लोनसाठी अर्ज करायचाय. तीन कार्डं आहेत. बिलं: पहिलं ७२,००० (लिमिट १ लाख), दुसरं १८,००० (२ लाख), तिसरं ६,००० (५० हजार). लिमिटच्या किती टक्के वापरलं ते काढलं: ७२, ९ आणि १२, सरासरी ३१. बरोबर ना?

ए-१०२: सरासरी काढू नका. बिलांची बेरीज ९६,०००, लिमिटची बेरीज ३,५०,०००. भागाकार केला की २७.४ टक्के. सरासरीत ५० हजारांच्या कार्डाला २ लाखांच्या कार्डाइतकंच वजन मिळतं.

बी-५०३: म्हणजे ३०च्या आत. सुटलो!

ए-१०२: इतक्यात नाही. ३० हा ठोकताळा आहे, आरबीआयचा नियम नव्हे. शिवाय क्रेडिट रिपोर्टमध्ये प्रत्येक कार्ड वेगळं दिसतं, आणि पहिलं ७२ टक्के भरलेलंच दिसणार. त्याची बिलाची तारीख कोणती?

बी-५०३: १२. ड्यू डेट १. दरवेळी त्याच दिवशी पूर्ण भरतो, एक रुपया व्याज नाही.

ए-१०२: व्याज वाचतं, पण आकडा तसाच जातो. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान पंधरवड्यातून एकदा कार्डाची स्थिती सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोला पाठवावी लागते. तुम्ही १ला भरता, तोवर ७२,००० नोंदले गेलेले असतात. त्याऐवजी ९ तारखेलाच ५०,००० भरा. बिल २२,०००चं येईल, ते कार्ड २२ टक्क्यांवर आणि एकूण ४६,००० भागिले ३,५०,००० म्हणजे १३.१ टक्के. अगदी ११च्या रात्री भरू नका, पैसे कार्डावर जमा व्हायला एखाद-दोन दिवस लागू शकतात.

सी-२०४: बिल आल्यावर १३ला भरलं तर?

ए-१०२: बँकेवर आहे. काही बँका त्या दिवशीची बाकी पाठवतात, काही शेवटच्या बिलाची रक्कम. तुमची कोणती ते रिपोर्टमध्ये कळतं: `Current Balance` बिलाशी रुपयासकट जुळत असेल, तर ती बिलाचाच आकडा पाठवते. मग बिलाआधी भरण्याला पर्याय नाही.

डी-३०१: एक खड्डा सांगते, दादा. ९ला भरलेले ५० हजार १२च्या बिलात आधीच वजा झालेले असतात. "आत्ताच तर भरले" म्हणून गप्प बसलात तर उरलेले २२,००० थकतात. मिनिमम ड्यूसुद्धा राहून गेला, तर लेट फी आणि व्याज, दोन्ही.

सी-२०४: एकाच बँकेची दोन कार्डं असतील, आणि ॲपमध्ये दोन्हीवर २ लाख दिसत असतील तर?

डी-३०१: बहुतेक वेळा ते लिमिट सामायिक असतं. बाकी दोन्हींची धरा, लिमिट एकदाच. ४ लाख धरलेत तर टक्का निम्मा दिसेल, फसाल.

बी-५०३: ९चा रिमाइंडर लावला. आणि १चाही.