वरच्या फ्लॅटचा पाइप फुटून सिलिंग पडलं, क्लेमच्या पत्रात काय लिहू?

मीनल_ठाणे:
शनिवारी पहाटे 4 ला वरच्यांच्या बाथरूममध्ये गीझरचा पाइप फुटला, ते गावाला गेलेले, वॉचमनने व्हॉल्व बंद करेपर्यंत दीड तास पाणी येत होतं. हॉलचं पीओपी सिलिंग अर्धं खाली आलं, बेडरूमच्या स्लॅबचं प्लास्टर फुगलंय. होमलोनसोबत काढलेली भारत गृह रक्षा पॉलिसी आहे, ईमेलवर कळवलंय, आता सविस्तर पत्र आणि फोटो मागतायत. एका काँट्रॅक्टरने कागदावर नुसतं "सिलिंग व कलर काम 68,000" लिहून दिलंय, चालेल का? कोणाकडे पत्राचा नमुना आहे का?

पक्या:
इन्शुरन्सच्या मागे कशाला लागताय, वरच्यांचा पाइप तर वरच्यांनी भरायचं, सरळ नियम आहे. दहा-पंधरा हजार घ्या, त्यांना "आमची काही तक्रार नाही" असं लिहून द्या आणि मोकळे व्हा.

निवृत्त_सर्वेअर:
पक्या, फ्लॅटच्या आतला पाइप असेल तर खर्च त्या सभासदाचा, कॉमन लाइन असेल तर सोसायटीचा, इथपर्यंत बरोबर. पण मीनलताई, तसलं काही लिहून देऊ नका! कंपनी तुम्हाला पैसे देते तेव्हा वरच्यांकडून वसूल करायचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. तो हक्क तुम्ही आधीच सोडून दिलात तर कंपनी तुमच्याच क्लेमवर बोट ठेवेल.

आता पत्र. त्यात "लीकेज" हा शब्द लिहिलात की समोरचा माणूस लगेच जुन्या ओलीचा विचार करतो. पाइप फुटणं पॉलिसीत आहे, महिनोन् महिने झिरपणारी ओल नाही. तुमचं तर खरोखर फुटलंय, मग तसंच लिहा:

"दि. … रोजी पहाटे सुमारे 4 वाजता आमच्या वरील फ्लॅटमधील गीझरचा इनलेट पाइप अचानक फुटला. सुमारे दीड तासाने वॉचमनने पाणी बंद केले. हॉलचे सिलिंग व बेडरूमचे प्लास्टर खराब झाले. त्याआधी या ठिकाणी ओल नव्हती. फोटो, प्लंबरची पावती व खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे."

आधी ओल असेल तर मात्र ते वाक्य काढा, सर्वेअरला जुने पिवळे डाग पाहताक्षणी कळतात, खोटं सापडलं तर खरा क्लेमही जातो.

मीनल_ठाणे:
बेडरूमच्या कोपऱ्यात पावसाळ्यातला छोटा डाग होता 😐 आणि फोटो तर मी पडलेलं सिलिंग झाडून काढल्यावर काढलेत.

निवृत्त_सर्वेअर:
मग डाग लपवू नका, "कोपऱ्यातील जुना डाग या क्लेममध्ये धरलेला नाही" असं लिहा, उलट बाकीच्यावर विश्वास बसतो. मलबा अजून खाली पडला असेल तर सर्वेअर येईपर्यंत राहू द्या. शेजाऱ्यांनी, वॉचमनने त्या रात्री काही व्हिडिओ काढला असेल तर मागून घ्या, व्हॉट्सॲपवरचा नको, मूळ फाइल. दारातून पूर्ण खोलीचा एक फोटो आणि मग जवळून, म्हणजे कुठली भेग कुठल्या खोलीतली ते कळतं. सगळ्यात महत्त्वाचं, प्लंबरने काढलेला फुटका तुकडा टाकू देऊ नका.

68,000 चा तो कागद परत द्या. खोलीवार हवं: हॉल 120 चौरस फूट सिलिंग 95 ने 11,400, बेडरूम 100 चौरस फूट प्लास्टर-पुट्टी-रंग 40 ने 4,000, लाइट आणि वायरिंग 5,500. हे झाले 20,900. दर मी समजावण्यापुरते टाकलेत, तुमचे वेगळे असतील. 68,000 त पूर्ण घराचा रंग घुसवलेला दिसतोय, तो कापला जाणारच. दुसऱ्या काँट्रॅक्टरकडूनही असंच एक घ्या आणि स्लॅब सुकल्याशिवाय रंग लावू नका.

शुभा_नाशिक:
आमची पण गच्ची तीन वर्षं गळतेय, यात क्लेम होईल का? सोसायटी नुसती मीटिंग घेते.

निवृत्त_सर्वेअर:
तीन वर्षं म्हणजे अचानक नाही, इन्शुरन्सकडून आशा ठेवू नका. गच्चीची दुरुस्ती सोसायटीच्याच खर्चाने व्हायची असते, सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

पक्या:
ओके काका, ते लिहून द्यायचं माझं मागे घेतो. पण लोन आहे ना, मग पैसे बँकेलाच जातील की!

निवृत्त_सर्वेअर:
हे बरोबर पकडलंस. पॉलिसीत बँकेचं नाव असेल तर रक्कम बँकेकडे जाऊ शकते. मीनलताई, दुरुस्तीसाठी थेट तुम्हाला मिळावी म्हणून बँकेचं एनओसी आत्ताच मागा, ते मिळायला वेळ खातात.

मीनल_ठाणे:
उद्या बँकेत जाते. तो तुकडा मात्र प्लंबरने नेलाय, वरचे फोन उचलत नाहीयेत, प्लंबरची नुसती पावती चालेल का?

निवृत्त_सर्वेअर:
पावतीवर "इनलेट पाइप फुटला, बदलला" असं तारखेसह लिहून घ्या, वॉचमनच्या रजिस्टरची नोंद आणि सेक्रेटरीचं दोन ओळींचं पत्र जोडा. पुरेल की नाही ते येणाऱ्या सर्वेअरवर आहे. तोवर प्लंबरच्या मागे लागा, तुकडे भंगारात जायला वेळ लागत नाही.