लिमिट २ बरोबर आलं, तरी पाचपैकी दोनच गुण. हे बरोबर आहे का?

विद्यार्थिनी, धरमपेठ: बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या पेपरात होतं: a₁ = 0, aₙ₊₁ = (aₙ² + 6)/5, लिमिट काढा. मी दोन्हीकडे L ठेवून L² − 5L + 6 = 0 सोडवलं. L = 2 किंवा 3 आलं. पदं २ कडे जाताना दिसली म्हणून २ लिहिलं. हा अन्याय नाही का?

इंजिनिअर, बुटीबोरी: अन्यायच आहे. मी आत्ता कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं: 0, 1.2, 1.488, 1.643, 1.740. सरळ २ कडे चालली आहेत. उत्तर बरोबर, समीकरण बरोबर, मग तीन गुण कापले काहून?

निवृत्त शिक्षक, महाल: मी परीक्षक असतो तरी दोनच दिले असते. L ठेवला त्याच क्षणी लिमिट आहे असं धरून चाललात, आणि सिद्ध तर तेच करायचं होतं. नियम तोच ठेवा, फक्त a₁ = 4 घ्या. पुढची पदं 4.4, मग 5.07, मग 6.35. ती वाढतच जातात, लिमिट नाहीच. समीकरण मात्र तेच, उत्तरंही तीच, २ आणि ३. सुरुवात कुठून केली हे त्या समीकरणाला कळतच नाही, मग ते एकटं निकाल कसा देणार?

एम.एस्सी.चा विद्यार्थी, प्रतापनगर: सर म्हणतात ते खरं, पण लिहायचं तर दोनच ओळी आहेत. aₙ₊₁ − aₙ = (aₙ − 2)(aₙ − 3)/5. आणि aₙ 0 ते 3 मध्ये असेल तर aₙ² हे 9 पेक्षा कमी, म्हणून aₙ₊₁ सुद्धा 3 पेक्षा कमी. वाढती आहे, वरून बंधित आहे, झालं.

निवृत्त शिक्षक, महाल: झालं नाही, बाळ. aₙ 3 पेक्षा लहान एवढंच माहीत असेल तर पहिल्या सूत्राचं चिन्ह ठरत नाही. aₙ 2 आणि 3 च्या मध्ये असेल तर गुणाकार ऋण, म्हणजे क्रमिका उतरेल. a₁ = 2.5 घेऊन बघ, पुढचं पद 2.45 येतं. आणि वाढती आहे असं मान्य केलं तरी वरची मर्यादा 3 आहे म्हणून लिमिट 2 असं निघत नाही, 3 शक्यच राहतो. मर्यादा 2 च घ्यायला हवी. aₙ₊₁ − 2 = (aₙ − 2)(aₙ + 2)/5. aₙ हे 0 ते 2 च्या आत असेल तर पहिला कंस ऋण, दुसरा धन, म्हणून aₙ₊₁ ही 2 च्या खालीच राहतं. आणि aₙ₊₁ किमान 6/5 आहे, म्हणजे शून्याच्या खालीही जात नाही. आता तुझ्या पहिल्या सूत्रात 2 च्या खाली दोन्ही कंस ऋण, म्हणून क्रमिका वाढती. वाढती आणि 2 ने बंधित, म्हणून लिमिट आहे आणि ते 2 पेक्षा जास्त नाही. आता L ठेवा: 3 आपोआप बाद होतो.

एम.एस्सी.चा विद्यार्थी, प्रतापनगर: हो, चुकलं माझं. आधी 2 ची मर्यादा, मग वाढ. क्रम उलटा लावला होता.

गृहिणी, मानेवाडा: माझ्या मुलाला aₙ₊₁ = 1 + 1/aₙ आला होता, a₁ = 1. पदं 1, 2, 1.5, 1.667, 1.6. कधी वर, कधी खाली. तो रडवेला झाला, म्हणे वाढतीच नाही, मग लिमिट नाही. तुमच्या पद्धतीने तर तो अडकलाच की!

निवृत्त शिक्षक, महाल: ताई, वाढती नसली म्हणून लिमिट नाही असं होत नाही. तिथे विषम क्रमांकाची पदं वेगळी लिहायला सांगा, ती वाढत जातात. सम क्रमांकाची उतरत जातात. दोन्ही बंधित आहेत, म्हणून दोन्हींना लिमिट आहे, आणि दोन्हीकडे L² = L + 1 हेच समीकरण निघतं. त्याचं धन उत्तर एकच, (1 + √5)/2.

इंजिनिअर, बुटीबोरी: ते ठीक, पण प्रत्यक्ष कामात कोण इंडक्शन लिहितो? आकडे थांबले की आम्ही थांबतो.

निवृत्त शिक्षक, महाल: मग तुमच्याच कॅल्क्युलेटरवर a₁ = 3.001 घ्या. पुढे 3.0012, 3.0014, 3.0017. दोन दशांश दाखवणाऱ्या पडद्यावर 3.00 दिसत राहील. तुम्ही म्हणाल थांबलं, आणि क्रमिका तर अनंताकडे निघालेली असते. 3 जवळ अंतर दर पायरीला साधारण 1.2 पट होतं, 2 जवळ 0.8 पट.

इंजिनिअर, बुटीबोरी: हे मला माहीत नव्हतं, करून पाहतो. तरी तिने सुरुवात 0 पासून केली होती, 3.001 पासून नाही. दोन गुण फारच कमी आहेत. तीन तरी द्यायला हवे होते.

विद्यार्थिनी, धरमपेठ: सर, 2 ची मर्यादा कळली. एक विचारू का? a₁ = −3 घेतलं तर पुढचं पद 3 येतं, आणि पुढे सगळी 3 च. तिथे वाढ दाखवायची तरी कशाची?

निवृत्त शिक्षक, महाल: तिथे दाखवायला काही उरतच नाही, दुसऱ्या पदापासून क्रमिका स्थिर आहे. पण −3.1 घेऊन बघ आणि मला कळव.