मदत हवी: 142 स्लाइड, परवा पेपर. काय वाचू, काय सोडू?

इंदुरी_कट्टा: सरांचा पीपीटी 142 स्लाइडचा आहे. सगळा वाचायला वेळ नाही. अवश्य, जमलं तर आणि सोडून द्या असे तीन भाग करायचेत, पण प्रत्येक स्लाइड महत्त्वाचीच वाटते. लवकर सांगा.

राजवाडाकर: विषय कोणता? लेखी आहे की तोंडी?

इंदुरी_कट्टा: फार्माकॉलॉजी, सेकंड एमबीबीएस. लेखी परवा, तोंडी पुढच्या आठवड्यात. बाकी झालंय, हा एकच राहिलाय.

प्राजक्ता_ब: अहो, पण कुठला टॉपिक? हृदयाची औषधं आणि टीबीची औषधं यांची वर्गवारी एकसारखी कशी होईल?

इंदुरी_कट्टा: टीबीच.

ग्वाल्हेरचा_सीए: आमच्याकडे धड्यांचे ए-बी-सी करतात. गेल्या पाच वर्षांचे पेपर काढ. जे दोनदा आलंय ते ए, एकदा आलंय ते बी, बाकीचं सी. सी वाचूच नकोस.

छप्पनवाला: पॉवरपॉइंटमध्ये एका पानावर सहा स्लाइड छापता येतात. प्रिंटच्या सेटिंगमध्ये हँडआउट निवड, कागद वाचतो.

डॉ_माळवा: सीए साहेब, जुने पेपर प्रश्न ओळखायला चांगले. पण त्यांच्याबरोबर जुनी उत्तरं पाठ केली तर इथे गुण जातील. टीबीचा उपचार आपल्याकडे आधी आठवड्यातून तीनदा देत. 2017 पासून देशभर रोज, वजनाच्या गटाप्रमाणे एकत्रित गोळ्या देतात. शिवाय पूर्वी शेवटचे चार महिने आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन एवढीच दोन औषधं असत, आता त्यांत एथॅम्ब्युटॉलही असतं. म्हणून प्रश्न जुन्या पेपरातून घे आणि उत्तर आत्ताच्या स्लाइडवरून.

इंदुरी_कट्टा, आधी काही वाचू नकोस. स्लाइड सॉर्टर उघड, फक्त शीर्षकं बघ आणि सगळं एकत्र करणारी स्लाइड शोध. या टॉपिकमध्ये बहुधा एक तक्ता असतो: औषध, कसं काम करतं, काय त्रास होतो, काय तपासायचं. तो सापडला की त्याच्या आधीच्या वीस-पंचवीस स्लाइड आपोआप दुसऱ्या ढिगात जातात, कारण तोच मजकूर त्या विस्ताराने सांगतात. तक्त्यातली ओळ कळली नाही, तरच मागे जा.

अवश्यच्या ढिगात हे हवंच: दोन महिने चार औषधं आणि पुढे चार महिने तीन. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात, म्हणून पायरिडॉक्सिन द्यायचं. रिफॅम्पिसिन यकृतातली एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी होऊ शकतात. पायरॅझिनामाइडने युरिक अ‍ॅसिड वाढतं. एथॅम्ब्युटॉलने डोळ्याची नस बिघडते, लाल-हिरवा फरक कळेनासा होतो. पहिल्या तिन्ही औषधांचा यकृतावर ताण येतो.

कॉखने 1882 मध्ये जंतू शोधला ती स्लाइड, रासायनिक रचना आणि जगभरातल्या रुग्णसंख्येचे आलेख सोड.

प्राजक्ता_ब: पूर्ण सहमत नाही. आयसोनियाझिड कुणाच्या शरीरात हळू मोडतं आणि कुणाच्या भरभर, हे मी अवश्यमध्येच ठेवेन. मला तोंडीत तेच विचारलं होतं.

डॉ_माळवा: लेखीसाठी ते 'जमलं तर'मध्ये. तोंडीला अजून आठवडा आहे. दोन परीक्षांचे ढीग एकच ठेवू नका.

प्राजक्ता_ब: लघुत्तरातही येऊ शकतं. मी तरी सोडणार नाही.

राजवाडाकर: माझ्या मावशीला हीच औषधं चालू आहेत. लघवी नारिंगी येते, घाबरून तिने काल गोळीच घेतली नाही. काय करू?

डॉ_माळवा: तो रिफॅम्पिसिनचा रंग, अपाय नाही. गोळी थांबवू देऊ नका, चुकलेल्या डोसबद्दल आजच तिच्या डॉक्टरांना सांगा. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा दिसायला कमी झालं, तर वाट न बघता दवाखान्यात न्या.

इंदुरी_कट्टा: तक्ता सापडला, 96 नंबरवर. तरीही अवश्यमध्ये सत्तर स्लाइड राहिल्यात.

डॉ_माळवा: मग भीती वाटते त्या स्लाइडवरही खूण होतेय. प्रत्येकीला विचार: हिच्यावरून प्रश्नाचं एक वाक्य बनतं का, आणि तेच उत्तर तक्त्यात आधीच आहे का? प्रश्न बनत नसेल किंवा उत्तर आधीच असेल, तर खाली ढकल. चाळीसच्या आसपास आलास की थांब.

इंदुरी_कट्टा: औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या तीस स्लाइड आहेत. बेडाक्विलिन वगैरे.

डॉ_माळवा: आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्ही लागू पडत नाहीत ही व्याख्या, आणि बेडाक्विलिनने क्यूटी लांबतो म्हणून ईसीजी, एवढं अवश्यमध्ये. उपचारपद्धतींचे तपशील दुसऱ्या ढिगात.

प्राजक्ता_ब: सरांनी त्यावर पूर्ण तास घेतला असेल तर? आधी वहीत बघ.

इंदुरी_कट्टा: वही मित्राकडे आहे. मागवतो.